'असावे' आणि 'आहे'

वाशीम, रात्री. वत्सगुल्मच्या वाकाटकांवरील इंग्रजी प्रबंधातला पूर्वसंशोधनाचा आढावा मराठीत आणते आहे. अजिंठ्याचा दुसरा टप्पा हरिषेणाच्या काळात, जेमतेम दोन दशकांत कोरला गेला, हे वॉल्टर स्पिंक यांचे मत. मी लिहून बसले, 'स्पिंक यांनी दाखवून दिले'. मूळ क्रियापद होते 'आर्ग्यूज'. माझ्या शब्दाने प्रबंधकर्ती स्पिंक यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिचा आक्षेप तर त्याच परिच्छेदात पुढे येतो. आता 'स्पिंक यांचे प्रतिपादन असे की' केले. लांब वाक्य तोडले, तर 'की'ची पकड सुटली आणि दुसरे वाक्य तिचेच वाटू लागले; तिथे 'त्यांच्या मते' पुन्हा घातले. तिचे 'मे सजेस्ट' मात्र 'सुचवत असावा' एवढेच. वर 'कदाचित' जोडले, तर तिच्यापेक्षा माझीच शंका मोठी होते.