हसनचाचाच्या तोंडी काय घालायचं?

माझ्या भाच्याने तीन मित्रांसोबत एक लहानसा व्हिडिओ गेम करायला घेतला आहे. रत्नागिरीकडची हापूसची बाग, रात्रीची वेळ, आंबे चोरायला शिरलेलं एक पोर आणि बागेचा म्हातारा राखणदार हसनचाचा. खेळणारा म्हणजे ते पोर. चाचा कंदील घेऊन फिरतो, चाहूल लागली की ओरडतो, कोणी दिसलं तर मागे धावतो. एका रविवारी भाचा मला म्हणाला, "खाला, चाचाचे डायलॉग तू लिही ना. मी लिहिलेत, पण दहा मिनिटांत डोकं उठतं."

या छोट्या वाक्यांना त्या धंद्यात 'बार्क' म्हणतात, म्हणजे भुंकणं. नाव अगदी नेमकं आहे. हा संवाद नव्हेच. काहीतरी घडलं की पात्राच्या तोंडून एक-दोन सेकंदांत बाहेर पडणारी ती प्रतिक्रिया असते.

भाच्याची यादी पाहिली. 'चाहूल लागली' या प्रसंगासाठी पाच वाक्यं होती आणि त्यातली तीन "या अल्लाह!" ने सुरू होत होती. उरलेल्या दोनांत "तौबा तौबा" आणि "कौन है रे उधर?". पोरगा आपल्याच घरातला, त्याची नानी कोकणातली, घरात मराठी बोलली जाते. तरी मुसलमान म्हातारा म्हटल्यावर त्याच्या कानात सिनेमातला चाचाच बोलू लागला. मी आधी त्यावर काही बोलले नाही. फक्त विचारलं, "एका लेव्हलमध्ये चाहूल किती वेळा लागते?"

त्याने मोजून सांगितलं: वीस मिनिटांत साधारण साठ वेळा. पाच वाक्यं म्हणजे प्रत्येक वाक्य बारा वेळा. "या अल्लाह" छत्तीस वेळा. मग मात्र मी म्हटलं, "बेटा, छत्तीस वेळा ऐकलेली गोष्टच लोक घरी घेऊन जातात. हसनचाचा कोण होता असं कोणी विचारलं तर खेळणारा एवढंच सांगेल, की तो 'या अल्लाह' म्हणणारा बुढ्ढा." आपल्या माणसांचे ठोकळे असेच तयार होतात. त्यामागे द्वेष असतोच असं नाही, एकच लकब पुन्हा पुन्हा वाजवली तरी पुरतं.

कामाची सुरुवात म्हणूनच मोजण्यापासून करायची. जे वारंवार घडतं त्याला जास्त वाक्यं, आणि ती छोटी व साधी. जे क्वचित घडतं त्याला कमी वाक्यं चालतात आणि तिथे गंमत करायला जागा असते. नवखा लेखक नेमकं उलटं करतो, कारण विनोदी वाक्य त्याला सगळ्यांना ऐकवायचं असतं. पण विनोद दुसऱ्यांदा अर्धा होतो आणि पाचव्यांदा छळ. २०११ साली आलेल्या 'स्कायरिम' या गाजलेल्या गेममधले पहारेकरी गुडघ्यात बाण लागल्याची आठवण सांगतात. वाक्य मुळात चांगलं होतं, एका माणसाची अख्खी कहाणी त्यात मावते. पण ठिकठिकाणचे पहारेकरी तीच कहाणी सांगू लागल्यावर जगभर त्याची टिंगल झाली. लक्षात राहणारं वाक्य पुन्हा आलं की लगेच ओळखू येतं. "कोण ते?" कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून ते वीस वेळा चालतं.

आम्ही चाहुलीसाठी बारा वाक्यं ठरवली. कोण ते? काय वाजलं? पान हललं वाटतं. थांब, बघतो. वारा नाही हा. कंदील कुठे ठेवला... अशी. लिहिताना मी एक पथ्य पाळलं: दोन वाक्यं एकाच शब्दाने सुरू करायची नाहीत. पुढे काहीही असलं तरी कान पहिल्या शब्दावरच ठरवतो की हे ऐकलेलं आहे. काही वाक्यं प्रश्न, काही स्वतःशी पुटपुटणं, एक नुसतं खाकरणं. बिनशब्दांच्या आवाजाचा कंटाळा सर्वांत उशिरा येतो.

मात्र वेगळेपणाच्या नादात अर्थ हलू द्यायचा नाही. भाच्याच्या यादीत खालच्या बाजूला "मांजर असेल" असंही एक वाक्य होतं. त्याची धाकटी बहीण खेळत होती, ते ऐकून ती खुशाल झाडामागून बाहेर आली आणि पकडली गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. "मांजर असेल" म्हणजे चाचाचा संशय फिटला असंच कोणीही समजेल. ते वाक्य आम्ही 'शोध सोडला' या प्रसंगात टाकलं.

मग मराठीची खास अडचण आली. इंग्रजीत एकच वाक्य मुलगा-मुलगी दोघांना चालून जातं. आपल्याकडे "पळाला" की "पळाली"? खेळणारा दोन्हींपैकी काहीही निवडू शकतो, म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा लिहा, दोनदा ध्वनिमुद्रित करा. उपाय भाषेतच सापडला: 'पोर' नपुंसकलिंगी आहे. "पोर कुठे गेलं?" "निसटलं वाटतं." "ए, दिसलं मला!" कोकणातला म्हातारा बोलेल तरी असंच.

पुढचं काम यंत्राचं होतं, पण लेखकाला ते माहीत असावं. दर वेळी बारातून कुठलंही एक उचललं, तर तेच वाक्य लागोपाठ येण्याची शक्यता बारात एक राहते. तीस वेळा बोलला तर असं दोन-तीनदा होणारच. म्हणून पत्त्यांच्या कॅटासारखं करायचं: बारा पानं पिसायची, एकेक टाकत जायची, संपली की पुन्हा पिसायची. जुन्या डावाचं शेवटचं पान नव्या डावाचं पहिलं निघालं, तर ते खाली सरकवायचं. शिवाय चाचाने दर वेळी बोलायलाच हवं असं नाही. आम्ही निम्म्या वेळा त्याला गप्प ठेवलं, तेव्हा तो नुसता मान वळवून कंदील वर करतो. साठाचे तीस झाले आणि एकेक वाक्य लेव्हलमध्ये दोन-तीनदाच येऊ लागलं.

आवाज माझ्या दुल्हाभाईंनी दिला, कपाटात गोधड्या लटकवून. प्रत्येक वाक्य दोन सुरांत घेतलं, पण त्याची दोन वाक्यं धरली नाहीत. सूर बदलला तरी शब्द ओळखू येतातच.

पोर पकडलं जाण्याचा प्रसंग वीस मिनिटांत चार-पाचदाच येतो. तिथे मी हात सैल सोडला. "तुझ्या आजोबांना याच कलमाखाली धरलं होतं मी." हे वाक्य पूर्ण गेममध्ये एकदाच वाजतं, तशी खूण तक्त्यात त्याच्यापुढे केली आहे. आणि चाचाच्या तोंडी अल्लाहचं नाव एकदाच येतं: शेवटच्या लेव्हलला, उजाडताना, डबा उघडताना तो हळूच "बिस्मिल्लाह" म्हणतो. भाच्याला वाटलं, हे कोणाला ऐकूसुद्धा जाणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. कोणालातरी तासभर खेळायला बसवायचं आणि आपण पडद्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायचं. चाचाच्या आधी त्याने वाक्य म्हटलं की ते वाक्य गेलं. (माझं वर्गातलं "लक्ष कुठंय?" मुलं माझ्याआधी म्हणतात, ते मी चालवून घेते.) भाचीने तिसऱ्या लेव्हलला "कंदील कुठे ठेवला" चाचाच्या आधी म्हटलं, तेही नक्कल करून. बारातलं तेवढं एकच वाक्य काहीतरी सांगू पाहत होतं. ते काढलं, आणि त्या जागी "हं?" घातलं.