चोवीस कामट्यांचा कंदील

दिवाळीनंतर कचऱ्याच्या डब्याशेजारी जे आकाशकंदील पडलेले दिसतात, त्यांत एक गोष्ट समान असते: ते सुटे करता येत नाहीत. कागद प्लॅस्टिकला चिकटलेला, प्लॅस्टिक तारेला, वर चमकीचा थर. एक कोपरा फाटला की सगळा कंदील जातो. मी कंदील करायला शिकवते तेव्हा आधी तो सोडवायचा कसा, हे सांगते. सांगाडा वर्षानुवर्षे राहावा आणि दर दिवाळीला फक्त कागद बदलावा, एवढ्यासाठी बाकी सगळी खटपट आहे.

माझा नेहमीचा कंदील चोवीस कामट्यांचा. प्रत्येक कामटी 30 सेंटीमीटर लांब, पेन्सिलीहून बारीक. बुरुडाकडून घेताना बांबूच्या पाठीकडची, म्हणजे हिरव्या सालीकडची मागावी. आतल्या मऊ भागाला भुंगा लवकर लागतो. कामटीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पिवळी भुकटी दिसली, तर ती घेऊ नये. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवावी आणि पाणी अधूनमधून बदलावं. भुंग्याला हवं असलेलं बांबूतलं पिष्ट त्यात बरंचसं निघून जातं. मग सावलीत वाळवावी.

चार-चार कामट्यांचे सहा चौकोन सुती दोऱ्याने बांधायचे. त्यांतले चार कोपऱ्यावर उभे करून एकमेकांना कोपऱ्याशी जोडायचे. एक चौकोन वर, एक खाली, तेही कोपऱ्याला कोपरा लावून. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. उंची साधारण 42 सेंटीमीटर होते.

बहुतेकांचा कंदील इथेच बिघडतो. उचलला की पिळवटतो, एका बाजूला कलतो, आणि मग लोक गाठी आवळत बसतात. दोष गाठींचा नसतो. त्रिकोण मुळातच पक्का असतो, चौकोन मात्र दाबला की तिरपा होतो. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन ताणलेले दोरे फुलीसारखे बांधायचे. दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही 42 सेंटीमीटरच्या आसपास आणि सारखे भरले की चौकोन काटकोनात आहे. सहाही चौकोन असे झाले की सांगाडा हलायचा थांबतो. वरच्या फुलीवरच दिव्याचा होल्डर टांगता येतो. दिवा पाच-सात वॅटचा एलईडीच घ्यावा. जुन्या तारेच्या बल्बच्या उष्णतेने जवळचा कागद करपतो.

चिकटवायला खळच हवी. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, वर वाटीभर उकळतं पाणी ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. मी घालू देत नाही. तो विषारी आहे, आणि हा कागद पुढे मातीत जायचा आहे. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

कागद साधा पतंगी. बाजारात जिलेटीन म्हणून मिळतो तो चकचकीत कागद बहुधा प्लॅस्टिकच असतो, तो नको. चार उभे चौकोन आणि आठ त्रिकोण मढवायचे. वरचा चौकोन हवेसाठी उघडा, खालचा दिवा बदलायला. कडेला एक सेंटीमीटर कागद जास्त ठेवून तो कामटीभोवती दुमडायचा. कागद सैल बसला तर ओढू नये. खळ पूर्ण वाळल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. वाळता वाळता कागद स्वतःच ताणला जातो. झिरमिळ्या उरलेल्या तुकड्यांच्या.

पावसापुढे मात्र हा कंदील टिकत नाही. 2019च्या दिवाळीत कोकणात पाऊस होता, तसं वर्ष आलं तर तो आत, खिडकीशी टांगावा. पहाटेच्या दवाने कागद थोडा ढिला पडतो, पण उन्हं आली की पुन्हा ताठ होतो. ओल्या पतंगी कागदाचा रंग सुटतो, म्हणून पांढऱ्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला की कामट्यांवर ओलं फडकं दाबून धरायचं. खळ मऊ होते आणि कागद अखंड पट्ट्यांत निघतो. फेव्हिकॉल लावलेला असेल तर तो खरवडावा लागतो, त्यात कामटीचे तूस निघतात. निघालेला कागद फाडून कुंडीतल्या खतात, सुक्या पाल्याबरोबर. सांगाड्यावर खळीचा अंश राहू देऊ नये. झुरळं त्यावरच येतात. पुसून, उन्हात एक दिवस ठेवून तो माळ्याच्या खिळ्याला टांगावा. जागा नसेल तर गाठी सोडून चोवीस कामट्यांची जुडी बांधावी. पुढच्या वर्षी दोरा तेवढा नवा लागतो.