आभाराची अडीच मिनिटे

गेल्या हिवाळ्यात आमची धाकटी लेक राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेली. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात दिवसांचे निवासी शिबिर, मुक्काम गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून नाल्यावर वनराई बंधारा घालायचा, हे मुख्य काम. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "अब्बू, समारोपाला आभार प्रदर्शन मला दिलंय. मराठीतून!" आवाजात आनंद कमी आणि घाबराट जास्त होती.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. मराठी आम्हाला येते, पण ती बाजारातली, शेतातली, एस.टी.तली. माइकवरची मराठी वेगळी. शिवाय या मुलीच्या मनात एक जुनी सल होती. शाळेत असताना बक्षीस समारंभात तिचे नाव इतके चुकीचे पुकारले गेले होते, की ती जागेवरून उठलीच नाही. दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत असे तिला वाटले. त्यामुळे "माझ्या तोंडून कोणाचं नाव चुकायला नको" हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले.

तिने लिहिलेला मजकूर तिने फोटो काढून पाठवला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे नवरा-बायको आणि तिची दादी तो घेऊन बसलो. पहिले वाक्य असे होते: "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष म्हणून लाभलेले आमच्या महाविद्यालयाचे आदरणीय प्राचार्य, ज्यांनी आपल्या व्यस्त वेळापत्रकातून अमूल्य वेळ काढून, येथे उपस्थित राहून आम्हाला बहुमोल मार्गदर्शन केले, त्यांचे मी हार्दिक धन्यवाद व्यक्त करते."

कागदावर हे छान दिसते. तिच्या अम्मीने ते मोठ्याने वाचले आणि 'उपस्थित राहून'पाशी तिचा श्वास संपला. मराठीत क्रियापद शेवटी येते. ऐकणारा त्या 'मानते'ची वाट पाहत थांबलेला असतो, आणि मध्ये तीन-चार उपवाक्ये आली की तो वाट पाहणे सोडून शेजाऱ्याशी बोलू लागतो.

दुसरी चूक 'त्यांचे धन्यवाद' ही. ती हिंदीतून येते आणि आमच्यासारख्या घरात तर सहज येते, कारण आपण 'आपका शुक्रिया' म्हणत वाढलेलो. मराठीत धन्यवाद कोणाला तरी देतात: 'सरांना धन्यवाद'. आभार कोणाचे तरी मानतात: 'सरांचे आभार'. व्यक्त करायची असते ती कृतज्ञता. आणि ऋणी आपण स्वतः असतो: 'आम्ही आपले ऋणी आहोत'. या चार जोड्या तिने कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतल्या. दादी ऐकत होती. ती म्हणाली, "आपल्यातही शुक्र अल्लाहचा आणि शुक्रिया माणसाचा, असा फरक आहेच ना." मुलीला तो फरक व्याकरणाच्या नियमापेक्षा लवकर पटला.

तिसरी गोष्ट खरेपणाची होती. प्राचार्य तर यजमान कॉलेजचेच. 'व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून' हे पाहुण्यांना शोभते, घरच्या माणसाला नाही. मग त्यांच्यासाठी काय? अध्यक्षीय भाषण आभाराच्या आधी होते. म्हणून आम्ही सुचवले, की तिथे दोन ओळी कोऱ्या ठेव. ते जे बोलतील त्यातली एक गोष्ट ऐकता ऐकता टिपून घे. लांब वाक्याचे दोन तुकडे झाले: "अध्यक्षीय भाषणात प्राचार्य सरांनी आम्हाला सांगितले की..., आणि ही गोष्ट आम्ही गावी घेऊन जात आहोत. सर, आम्ही आपले आभारी आहोत."

पुढचा त्रास 'आभार मानते'चा होता. मजकुरात ते अकरा वेळा होते. प्रत्येक वेळी आवाज खाली येतो, प्रत्येक वेळी टाळी अपेक्षित असते, आणि पाचव्या आभाराला टाळ्या विरळ होतात. मग आम्ही माणसांचे तीन गट केले. मंचावरचे म्हणजे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे. गावातले म्हणजे सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, आणि ज्यांच्या शेताच्या कडेने बंधारा झाला ते शेतकरी. शेवटी राबणारे हात. प्रत्येक गटात नावे ओळीने, प्रत्येक नावानंतर छोटा थांबा, आणि क्रियापद एकदाच, गटाच्या शेवटी. कागदावर थांब्याच्या जागी तिने उभ्या रेघा मारल्या. पहिला मजकूर वाचायला पाच मिनिटांहून जास्त लागत होती, नवा अडीच मिनिटांत बसला.

गटात एक धोका असतो. नाव घेतले तर त्या दर्जाच्या सगळ्यांचे घ्यावे लागते. एका सदस्याचे घेतले आणि दुसऱ्याचे राहिले, तर तो आभार नसून अपमान होतो. म्हणून ग्रामपंचायतीतून सरपंचांचे एक नाव आणि पुढे 'सर्व सदस्य', एवढेच.

नावांसाठी तिने दुसऱ्या दिवशी वही घेऊन फेरी मारली. "तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता?" असे ज्याला त्याला विचारले आणि ऐकले तसे लिहिले. उच्चारात तिची अडचण होती 'ळ'ची. आपल्याकडची मुले 'वेळ'चे 'वेल' करतात. आमच्या वऱ्हाडी शेजाऱ्यांची मुले त्याचे 'वेय' करतात, म्हणजे कोणी कोणाला हसायचे कारण नाही. 'चूल'मधला च दातांवरचा, 'चहा'मधला टाळूवरचा, हे तिला दादीनेच फोनवर म्हणून दाखवले. शाळेत दादी चौथीपर्यंतच गेली होती, पण ती मराठी शाळा होती.

शेवटचे वाक्य तिने 'कार्यक्रम संपला असे मी जाहीर करते' असे लिहिले होते. हा शब्द कानावर पडताच खुर्च्या सरकतात आणि राष्ट्रगीत गोंधळात सुरू होते. त्याऐवजी ठरले: "अध्यक्षांच्या परवानगीने कार्यक्रमाची सांगता राष्ट्रगीताने करू या. सर्वांनी कृपया जागेवरच उभे राहावे." तिला 'संपन्न झाला' घालायचे होते. आम्ही 'पार पडला'वर राजी केले. कानाला ते हलके लागते, हे आमचे मत.

समारोपाला पालकांनाही बोलावणे होते. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, पलीकडे तुरीची शेते. पुरुष मागे उभे होते, आणि कापूस वेचायचा सोडून आलेल्या बाया कडेला बसल्या होत्या. लेक उठली तेव्हा कागद थरथरत होता. पहिल्या गटात ती एका थांब्यावरून घाईने पुढे गेली आणि दोन नावे एकमेकांत मिसळली. ती थांबली, "क्षमा असावी" म्हणाली, आणि दोन्ही नावे नीट, वेगवेगळी घेतली. दुसऱ्या गटापर्यंत आवाज स्थिर झाला.

तिसऱ्या गटात बचत गटाच्या स्वयंपाक करणाऱ्या महिला होत्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी या पोरींना चूल पेटवायला शिकवले होते. सारे गाव त्यांना फक्त आजी म्हणते. लेकीने त्यांचे पूर्ण नाव विचारून घेतले होते आणि ते तिने शेवटी, थांबून, स्पष्ट घेतले. आजी तशाच बसून राहिल्या. शेजारच्या बाईने कोपराने ढोसले, "अवो, तुमचंच नाव हाय." तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि मंचाकडे पाहिले. लेक 'आभार मानते' म्हणायची थांबली होती, त्या बघेपर्यंत.