तीस हॉर्सपॉवरचा हिशेब

मोटर विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर शेवटची ओळ ठळक छापलेली होती. वर्षाला 9,100 युनिटची बचत, म्हणजे 98 हजार रुपये; मोटरची किंमत 90 हजार; पैसे अकरा महिन्यांत वसूल. गिरणीच्या मालकांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघा बरं इंजिनिअर, खरं असेल तर उद्याच बदलू."

ही गिरणी हिंगोली जिल्ह्यातली, वसमतच्या बाजूची. आमच्याकडे हळदीचा पसारा मोठा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतकरी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणतो आणि त्यातला काही माल अशा गिरण्यांत दळून पावडर होतो. इथल्या पल्व्हरायझरला 30 हॉर्सपॉवरची, म्हणजे 22 किलोवॅटची, चार पोलची मोटर आहे. वीसेक वर्षांची आणि दोनदा जळून रिवायंड झालेली.

कागदावरचं गणित मी आधी उलटं सोडवलं. जुनी मोटर 84 टक्के कार्यक्षम, नवी आयई-3 वर्गाची 93 टक्के. 22 ला 0.84 ने भागलं की 26.2 किलोवॅट लागतात, 0.93 ने भागलं की 23.7. फरक अडीच किलोवॅटचा. तो रोज 12 तास आणि वर्षाला 300 दिवस धरला की झाले 9,100 युनिट. बेरीज-वजाबाकी चोख होती. 93 चा आकडाही खरा होता, कारण आयएस 12615 या मानकात 22 किलोवॅट चार पोलच्या आयई-3 मोटरला तोच दिलेला आहे. पण बाकीचे तिन्ही आकडे गिरणीत पाऊल न टाकता लिहिलेले होते. मोटर कायम पूर्ण भारावर चालते, जुनीची कार्यक्षमता 84 आहे आणि ती वर्षाला 3,600 तास फिरते, असं त्यात गृहीत धरलेलं होतं.

पहिला प्रश्न भाराचा. पॅनेलवर पॉवर मीटर लावून दिवसभर नोंद घेतली. हळद एकसारखी पडत असताना मोटर सरासरी 15.2 किलोवॅट ओढत होती. ओला माल आला आणि जाळी तुंबली की आकडा 19 पर्यंत चढायचा, पण थोड्याच वेळापुरता. अशा वेळी नुसत्या क्लॅम्प मीटरवर भागवता येत नाही. ॲम्पियर 27 दिसले म्हणून पाटीवरच्या 40 शी भागाकार केला तर भार 68 टक्के येतो. पण मोटर रिकामी फिरताना सुद्धा 17 ॲम्पियर घेते आणि त्यातला बहुतेक प्रवाह चुंबकत्वासाठीच खर्च होतो. म्हणून मोजायचे ते किलोवॅट.

तरीही 15.2 हे मोटरच्या आत जाणारे किलोवॅट झाले. शाफ्टवर किती पोहोचतात, ते कळल्याशिवाय जुनीची कार्यक्षमता सांगता येत नाही. इथे बहुतेक जण टॅकोमीटर काढतात, मीही काढला. शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवली. ती दर थोड्या वेळाने हळदीच्या धुरळ्याने पिवळी व्हायची आणि पुसावी लागायची. फेरे आले 1478. त्या वेळी फ्रिक्वेन्सी नेमकी 50 होती, म्हणजे चुंबकीय क्षेत्र 1500 ने फिरत होतं आणि मोटर 22 फेरे मागे होती. पाटीवर पूर्ण भाराचे फेरे 1460 लिहिलेले, म्हणजे तेव्हा 40 फेरे मागे. 22 भागिले 40, भार 55 टक्के. शाफ्टवर 12.1 किलोवॅट, म्हणून कार्यक्षमता जेमतेम 80 टक्के.

विक्रेत्याच्या 84 पेक्षाही वाईट! हे खरं मानलं असतं तर नवी मोटर तेच काम 13 किलोवॅटमध्ये करणार होती आणि दळण चालू असताना दर तासाला 2.2 युनिट वाचणार होते. मालक खूश झाले असते.

पण पाटीवरचा 1460 हा आकडा पुष्कळदा दहाच्या पटीत केलेला असतो. खरे फेरे 1464 असतील तर 40 च्या जागी 36 येतात, भार 61 टक्के होतो, शाफ्टवर 13.4 किलोवॅट निघतात आणि कार्यक्षमता 80 वरून एकदम 88 वर जाते. मग बचत तासाला 2.2 ऐवजी 0.8 युनिट. चार फेऱ्यांच्या शंकेवर बचत जवळजवळ तिप्पट होते किंवा एक तृतीयांशावर येते. शिवाय व्होल्टेज कमी असलं की मोटर तेवढ्याच भारावर जास्त मागे पडते आणि आमच्याकडे संध्याकाळचं व्होल्टेज कसं असतं, ते सांगायला नको. भार ढोबळ कळावा यासाठी ही पद्धत ठीक आहे, बचतीचा आकडा तिच्यावर उभा करू नये.

म्हणून मोटरच्या आत होणारा तोटा वेगवेगळा मोजायचं ठरवलं. यासाठी गिरणी थांबवावी लागते. बाजार बंदच्या दिवशी थोडा वेळ दळण चालवून मोटर गरम केली, बंद केली आणि लगेच वायंडिंगचा रोध मोजला. दोन फेजांमध्ये 0.36 ओहम भरला. गरम असतानाच मोजायचं कारण, थंड तांबं रोध कमी दाखवतं आणि तोटा उगाच लहान दिसतो. मग पट्टे उतरवले आणि मोटर एकटी फिरवली. काहीही न ओढता ती 1.30 किलोवॅट खात होती. त्यातला 17 ॲम्पियरमुळे तांब्यात होणारा तोटा साधारण 0.16. उरलेले 1.14 किलोवॅट लोखंडी गाभा, बेअरिंग आणि पंखा यांचे. मोटर चालू आहे तोवर हे जातच राहणार, हळद पडो वा न पडो.

चांगल्या नव्या मोटरमध्ये हाच आकडा यापेक्षा बराच कमी, अर्ध्याच्या जवळ असतो. इथला वाढला कशाने, ते ऑपरेटर मामांनी सांगितलं. दोन्ही वेळेला वायंडिंगवाल्याने जळकं तांबं लवकर निघावं म्हणून स्टेटर सरळ जाळात टाकला होता. गाभा पातळ पत्र्यांचा असतो आणि प्रत्येक पत्र्यावर वार्निशसारखा थर असतो. तापमान साडेतीनशे अंशांच्या वर गेलं की तो थर उडतो, पत्रे एकमेकांना टेकतात आणि गाभ्यात नको ते प्रवाह फिरू लागतात. तापमान सांभाळून, तितक्याच जाडीची तार भरून केलेल्या रिवायंडिंगने कार्यक्षमता फारशी घसरत नाही. दोष असतो तो जाळ घालण्यात.

पुढची बेरीज सोपी होती. दळताना 27 ॲम्पियरला स्टेटरच्या तांब्यात 0.39 किलोवॅट, कायमचे 1.14, रोटरमध्ये 0.20, किरकोळ 0.07. सगळे मिळून 1.8. 15.2 मधून 1.8 गेले, शाफ्टवर 13.4 उरले आणि कार्यक्षमता 88 टक्के निघाली. म्हणजे 1464 ची शंका बरोबर होती. आयई-3 ची कार्यक्षमता 60 टक्के भारावरही 93 च्या आसपास टिकते, म्हणून तेच काम ती 14.4 किलोवॅटमध्ये करेल. फरक 0.79 किलोवॅट.

तासांचा आकडा मामांच्या वहीत होता. वर्षभरातल्या दळणाच्या नोंदी आणि मीटरची नोंद ताडून पाहिली तेव्हा मोटर 2,200 तास फिरते असं निघालं. त्यातले 1,700 तास दळण्याचे आणि 500 तास रिकामे. पोती बदलणं, जाळी साफ करणं, चहा, पुढच्या ट्रॅक्टरची वाट. दळण्याच्या तासांत 1,340 युनिट वाचतील. रिकाम्या तासांतही गाभ्याचा तोटा कमी झाल्याने तासाला 0.6, म्हणजे 300 युनिट. एकूण 1,640.

पैशात बदलतानाही एक फेरफार करावा लागला. विक्रेत्याने एकूण बिलाला युनिटांनी भागून 10 रुपये 80 पैसे दर धरला होता. त्यात स्थिर आकारही होता आणि मोटर बदलली म्हणून तो कमी होत नाही. युनिटबरोबर घटणारा भाग 9 रुपये 50 पैशांचा. त्या हिशेबाने वर्षाला साडेपंधरा हजार वाचतात. जुन्या मोटरचे भंगारात 12 हजार येतील असं धरलं तरी 78 हजार वसूल व्हायला पाच वर्षं.

मालक बराच वेळ कागद बघत बसले. "म्हणजे नको घ्यायला?"

मी म्हटलं, चालती मोटर काढून नको, पण पुढच्या वेळी ही जळली तर पुन्हा भरायला देऊ नका. तिसऱ्यांदा भरायचे 18 हजार तसेही जाणार, म्हणजे जास्तीचे फक्त 60 हजार उरतात. आणि तेव्हा 30 ऐवजी 25 हॉर्सपॉवर घ्या. तुंबल्यावरही शाफ्टवर 17 किलोवॅटच्या वर भार जात नाही आणि 25 ची ताकद साडेअठराची आहे. तिची किंमत 72 हजार सांगितली होती, म्हणून जास्तीचा खर्च 42 हजारांवर येतो आणि तो तीन वर्षांच्या आत निघतो. शाफ्टची उंची आणि जाडी दोन्हींची तीच, फक्त पायाची भोकं नव्याने पाडावी लागतात.

पुढच्या उन्हाळ्यात ऐन हंगामात मोटर जळलीच. 25 हॉर्सपॉवरची आयई-3 बसवली आणि मीटर लावला, तर 14.4 ऐवजी 14.6 किलोवॅट. नवी मोटर कमी मागे पडते, ती 1485 ने फिरत होती. पल्व्हरायझरमध्ये हवा ओढणारा पंखा आहे आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. अर्ध्या टक्क्याने वेग वाढला की त्या भागाचा भार दीड टक्क्याने वाढतो. पुली लेथवर नेऊन मिलिमीटरभर उतरवली आणि आकडा 14.4 वर आला. पंप आणि ब्लोअरवर ही गोष्ट आणखी जास्त जाणवते. तिथे पुष्कळदा पुली नसते, सरळ कपलिंग असतं, म्हणून अपेक्षित बचतीतला मोठा वाटा वाढलेला वेगच खाऊन टाकतो.

रिकामे 500 तास मात्र मनातून जात नव्हते. जुन्या मोटरवर रिकामं फिरताना पल्व्हरायझरसकट 4.8 किलोवॅट जात होते, म्हणजे वर्षाला 2,400 युनिट. नव्या मोटरच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त. दोन मिनिटांच्या थांब्याला मोटर बंद करता येत नाही, कारण सारखं चालू-बंद केल्याने वायंडिंग तापतं आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट झिजतात. पण पंधरा-वीस मिनिटांचे थांबे निम्मे तरी होते. प्रवाह ठरावीक वेळ कमी राहिला की पेटेल असा लाल दिवा पॅनेलवर लावला. मामांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच दिवा बघून बटण दाबायला लागले.

दोन्ही बचतींची बेरीज करताना एक वजाबाकी आली. रिकामे तास 250 वर आले की त्या तासांत मोटरमुळे वाचणारे 300 युनिटही 150 होतात. मोटरची बचत 1,490, दिव्याची 1,200, एकूण 2,690. मालकांना मी हाच आकडा लिहून दिला.