आदल्या रात्रीची वही

दहावीच्या बीजगणिताच्या आदल्या रात्री माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी पेनही देत नाही. टेबलावर वर्षभर राखलेली चुकांची वही आणि बोर्डाच्या दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका, एवढंच असतं. बाहेर मार्चचा उकाडा, घराघरांत दबलेले आवाज आणि मुलांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: इतका थोडा अभ्यास पुरेल?

पुरतो, कारण ही वही त्यांनी स्वतः घडवलेली असते. डाव्या पानावर चुकलेली ओळ, जशी चुकली तशीच. समोरच्या पानावर लाल शाईने एकच वाक्य: का चुकलं. अख्खं उदाहरण उतरवायचं नाही, त्यात चूक बुडून जाते. बाजारातल्या तयार याद्यांचा मला फारसा भरवसा वाटत नाही, कारण दुसऱ्याची चूक वाचताना मन हलत नाही. आपलंच अक्षर, आपलाच घाईत लिहिलेला उणे पाहिला की ती दुपार आठवते.

माझ्या भाचीच्या वहीतलं मध्यकाचं पान मला फार आवडतं. वर्ग 0–10 पासून 40–50 पर्यंत, वारंवारता 5, 9, 20, 10, 6. एकूण 50, म्हणून निम्मे 25. संचित वारंवारता 5, 14, 34 अशी चढते, म्हणजे पंचविसावा आकडा 20–30 या वर्गात सापडतो. सूत्र तिला तोंडपाठ होतं:

L + [(N/2 − cf) / f] × h

तिने cf च्या जागी 34 घातले, आणि उत्तर आलं 15.5. लाल शाईत तिने लिहिलंय, ‘cf आधीच्या वर्गाची.’ म्हणजे 14. मग 25 वजा 14 म्हणजे 11, त्याला 20 ने भागून 10 ने गुणलं की 5.5, आणि मध्यक 25.5. पण त्या पानाचा खरा ऐवज खाली पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीत आहे: ‘मध्यक स्वतःच्या वर्गाबाहेर जाऊच शकत नाही.’ वर्ग 20–30 चा आणि उत्तर 15.5, एवढं दिसलं की परीक्षेच्या बाकावरही चूक आपणहून बोलते. आदल्या रात्री आठवायची ती ही ओळ. आकडेमोड पुन्हा करायची गरज नाही.

वाचण्याचीही एक रीत आहे. लाल शाईचं पान तळहाताने झाकायचं, डावीकडची ओळ बघून चूक स्वतः शोधायची आणि मगच हात उचलायचा. नुसती नजर फिरवली तर सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीलाच आपण आठवण समजतो. हात उचलण्याआधी चूक सापडली नाही, तर त्या पानाचा कोपरा दुमडायचा.

मग प्रश्नपत्रिका. प्रश्न वाचायचा, पहिली पायरी तोंडाने म्हणायची आणि पुढे जायचं. ‘मावशी, क्रेमर आहे. आधी दोन्ही समीकरणं ax + by = c अशी मांडायची.’ बास. 3x − 2y − 5 = 0 मधला 5 उजवीकडे जाताना चिन्ह बदलतो, हे तिने म्हटलं की माझं काम झालं. ‘4 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती?’ पहिली 12, शेवटची 96, फरकाला 4 ने भागून 21, आणि त्यात एक मिळवायचा: 22. तो एक दरवर्षी कुणाच्या तरी हातून निसटतो.

कुणीतरी हमखास नवं, अवघड शाब्दिक उदाहरण पुढे करतं. रात्री नऊला ते हातात घेतलं, की दहालाही सुटलेलं नसतं. तोवर जे पक्कं होतं त्यावरचाही विश्वास ढळतो आणि डोकं तेच गणित घेऊन अंथरुणात जातं. दिवसभराचं शिकलेलं झोपेत घट्ट होतं. ती झोप एका उदाहरणासाठी मोडणं मला तरी पटत नाही.

मात्र वर्गसमीकरणांचं प्रकरणच वर्षभर हाताळलं नसेल, तर ही रात्र ते शिकवू शकत नाही. पहिली पायरीच सुचेना अशा प्रश्नाला पाठ्यपुस्तकातलं एक सोडवलेलं उदाहरण सावकाश वाचावं आणि पान उलटावं. मिळतील तेवढे पायऱ्यांचे गुण आपले.

दीड तासात सगळं आटोपतं. मग हॉल तिकीट, दोन पेन, पट्टी. पेपर 11 वाजता असतो. सकाळी वही उघडायची ती फक्त दुमडलेल्या कोपऱ्यांपुरती. बहुतेकांचे ते दोन-चारच उरलेले असतात.