तळ्यांच्या पुस्तकाची प्रस्तावना

जबलपूरच्या आमच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सहकारी ताईंनी शहरातल्या जुन्या तळ्यांवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि मुद्रितं माझ्या हाती दिली. "सर, प्रस्तावना तुम्हीच लिहायची." या तळ्यांना इथले लोक ‘बावन ताल’ म्हणतात. पण राणीताल किंवा चेरीताल म्हटलं, की नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे वस्तीच येते, पाणी येत नाही.

पहिल्या वाचनात मी एकही ओळ लिहिली नाही. दुसऱ्या वाचनात मात्र पेन्सिलीने दोनच प्रकारच्या खुणा करत गेलो: याआधी कुठेच न वाचलेलं काय, आणि ताईंना ते कसं सापडलं. प्रकरणांचा गोषवारा द्यायचा नाही हे ठरलेलंच होतं, त्यासाठी अनुक्रमणिका आहे. पुस्तक का लिहिलं, कोणी मदत केली हे लेखिकेच्या मनोगतात आलं होतं, म्हणून तेही सोडलं.

उरली ती ताईंची पद्धत. या भागावर राज्य करणाऱ्या गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास ब्रिटिश अधिकारी स्लीमनने लिहिला, तो 1837 मध्ये छापला गेला. तेव्हापासून आपण राजे आणि लढाया वाचत आलो. ताईंनी जुन्या बंदोबस्ताचे नकाशे घेतले, ते आजच्या गल्ल्यांवर बसवले आणि मग पायी हिंडून तपासलं. बुजलेल्या एका तळ्याची पाळ त्यांना रस्त्याच्या चढात सापडली. सपाट वस्तीत रस्ता मध्येच विनाकारण चढतो, आणि पावसाळ्यात त्याच्या एकाच बाजूला पाणी तुंबतं. हे एकच उदाहरण मी प्रस्तावनेत सविस्तर घेतलं. ते समजलं की उरलेली तळी वाचक स्वतः शोधू लागतो. तळी बुजण्याचं जे कारण ताई शेवटच्या प्रकरणात मांडतात, ते मी सांगितलं नाही. फक्त प्रश्न ठेवला: एकमेकांजवळची दोन तळी, एक टिकलं, दुसरं गेलं, असं का?

मर्यादाही लिहिणं मला आवश्यक वाटलं. राणीताल राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल दिवाण आधारसिंहाने बांधवून घेतलं, ही परंपरा आहे. ताईंनी ती परंपरा म्हणूनच नोंदवली आहे, पण घाईचा वाचक तिला पुरावा समजेल. म्हणून कोणत्या पानांमागे नकाशा आहे आणि कोणत्या पानांमागे लोकांची आठवण, हे एका परिच्छेदात स्पष्ट केलं. लेखिकेशी मैत्री असल्यामुळे तर ते जास्तच गरजेचं होतं. नुसत्या स्तुतीवर वाचक विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

मजकूर छापील अडीच पानांत बसला. ताईंनी वाचून मर्यादांचा परिच्छेद तसाच ठेवायला सांगितला. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करणारी दोन वाक्यं मात्र काढायला लावली, "चढाचं उदाहरण आहे ना, त्यात ते आलंच." मीही ती काढली. अंतिम मुद्रितात पानांचे आकडे सरकले होते, तेवढे संदर्भ पुन्हा जुळवून मजकूर छापखान्याकडे पाठवला.