नॉमिनी : निरंक

मामा गेला. त्याच्या खात्यात ६ लाख ४० हजार रुपये होते आणि नॉमिनीचा रकाना रिकामा. मृत्युपत्रही नव्हतं. घरातला 'कागदपत्रंवाला' म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न : कोर्टात जायचं का? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये यासाठी नवे नियम काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, वारसांत भांडण नाही आणि रक्कम १५ लाखांच्या आत (सहकारी बँकेत ५ लाखांच्या आत), तर बँकेने सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे. मामाची बँक सहकारी नव्हती, त्यामुळे बसलं.

कागद फार नाहीत. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रं, इंडेम्निटी बाँड, आणि जे वारस पैसे मागत नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. वारस कोण हे सांगायला वारस दाखला, किंवा कुटुंबाला चांगल्या ओळखणाऱ्या, बँकेला मान्य असलेल्या त्रयस्थाचं निवेदन. आमच्या समोरच्या निवृत्त मास्तरांनी ते दिलं. (तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी. ती घेऊन बँकेत जाऊ नका.)

आता खरी गंमत. मामीने अर्जात तीन वारस लिहिले होते : ती, मुलगा आणि नागपूरला दिलेली मुलगी. म्हटलं, "मामी, आजी राहिली."

"त्यांचं काय त्यात?"

आहे ना! हिंदू वारसा कायद्यात (१९५६) पुरुष मृत्युपत्राविना गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळे पहिल्या वर्गातले वारस. प्रत्येकी एक वाटा. लग्न झालेल्या मुलीचाही तेवढाच. वडील मात्र दुसऱ्या वर्गात. म्हणजे चार वाटे, आजीचे १ लाख ६० हजार. तिला वगळून केलेला दावा म्हणजे सरळ खोटं निवेदन, आणि उद्या वाद झाला तर इंडेम्निटी बाँडवर सही करणाऱ्याच्या गळ्यात.

मामेभाऊ म्हणाला, आजीचा अंगठा घेऊन टाकू ना-हरकतीवर. घेता आला असता. पण ना-हरकत म्हणजे हक्क सोडणं. ते तिला न सांगता कसं घ्यायचं? मी तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचे पैसे मला नकोत रे. पण औषधाला दर वेळी सुनेकडे हात पसरायचाही कंटाळा आलाय."

मामी तिथेच बसली होती. तिनेच अर्जात चौथं नाव लिहिलं. ना-हरकत पत्र शेवटी फक्त नागपूरहून आलं.

सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत बँकेने निकाल लावायचा असतो. आपल्यामुळे उशीर झाला तर बँकेला व्याजाच्या रूपात भरपाई द्यावी लागते. म्हणून अर्जाची तारखेची पोच नक्की घ्या. आमचे पैसे वेळेत आले. आजीच्या वाट्याची एफडी केली, आणि यावेळी नॉमिनीचा रकाना भरला.